पोट रिकामं झाल्यावरची झाडलोट

रात्री आठला पोळी-भाजी, वरण-भात खाऊन उठलेल्या माणसाचं जठर पुढचे काही तास अन्न घुसळत असतं. मिनिटाला साधारण तीन लाटा जठराच्या खालच्या तोंडाकडे येतात. दोनेक मिलिमीटरहून मोठे कण बहुतेक वेळा तिथूनच माघारी फिरतात, बारीक झालेलं तेवढं लहान आतड्यात उतरतं.

तिथेही ते लगेच पुढे पळत नाही. आतड्याच्या भिंतीतले गोल स्नायू थोड्या थोड्या अंतरावर आवळतात, मग ते सैल पडून मधला फुगलेला भाग आवळतो. अन्न जागच्या जागी मागेपुढे होत पाचकरसात कालवलं जातं. याला खंडन म्हणतात. पुढे ढकलण्याचं काम क्रमाकुंचनाचं: घासामागचा भाग आवळतो, पुढचा सैल होतो. १८९९ मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याकडे बाहेरून येणाऱ्या नसा तोडल्या, तरी हे चालूच राहिलं. आतड्याच्या भिंतीतलं मज्जाजाळं ते स्वतःच सांभाळतं.

मध्यरात्रीच्या सुमारास जठर रिकामं होतं आणि वेगळाच क्रम सुरू होतो. आधी बराच वेळ जवळपास सामसूम, मग विस्कळीत आकुंचनं आणि शेवटी पाच-दहा मिनिटांचा जोरदार हल्ला. त्यात लहान आतड्याच्या सुरुवातीला मिनिटाला अकरा-बारा आकुंचनं होतात. हा पट्टा हळूहळू खाली सरकतो आणि उरलेला चोथा, गळलेल्या पेशी, जंतू पुढे लोटतो. जठराचं तोंडही तेव्हा सैल असतं, त्यामुळे न पिचलेला तुकडा किंवा गिळलेली बी निघून जाते. दीड-दोन तासांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून. सकाळी उपाशीपोटी होणाऱ्या गुडगुडीत याचाही वाटा असतो.

खाल्लं की हा क्रम मोडतो. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्याचा उपवास देवाला चालत असेल, आतड्याच्या लेखी मात्र ते जेवणच. मात्र दिवसभर काहीबाही चघळणाऱ्यालाही रात्रीची झोप मिळते. तेवढ्यात आतडं बरीच सफाई उरकतं.

खरी अडचण येते ती क्रमच बिघडल्यावर. १९७७ मध्ये बेल्जियममधील वांत्रापेन आणि सहकाऱ्यांना ज्या रुग्णांत हा क्रम नाहीसा झालेला किंवा पार विस्कटलेला दिसला, त्यांच्या लहान आतड्यात जंतू बेसुमार वाढले होते. फुगारा, जुलाब, कधी ब-१२ची कमतरता अशी त्याची लक्षणं. जुना मधुमेह जठराच्या नसा बिघडवतो, तेव्हा चोथ्याचा गोळाही साचू शकतो.

साखरेचं पाणी पाजून श्वासातला हायड्रोजन मोजतात, कारण तो वायू जंतूच तयार करतात. पण पाणी झपाट्याने मोठ्या आतड्यात पोचलं तर तिथल्या जंतूंचा हायड्रोजनही मोजला जातो आणि निदान चुकतं. एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक अल्प मात्रेत ही झाडलोट सुरू करून देतं, कारण ते मोटिलिन या संप्रेरकाच्याच ग्राहींना चिकटतं. काही आठवड्यांत मात्र शरीर त्याला सरावतं आणि गुण कमी होत जातो.