पोल कडक, मग उडी उंच?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 5 ऑगस्ट 2024 रोजी स्वीडनच्या आर्मांड डुप्लांटिसने तिसऱ्या प्रयत्नात 6.25 मीटरचा बार ओलांडून विश्वविक्रम केला. टीव्हीवर पाहणाऱ्याला वाटतं, पोलच त्याला स्प्रिंगसारखा वर फेकतो. प्रत्यक्षात पोल स्वतःचं काहीच देत नाही. धावताना शरीरात साठलेला वेग तो वाकून साठवतो आणि थोड्या उशिराने, वरच्या दिशेने परत करतो.

म्हणून हिशेब वेगापासून सुरू होतो. समजा, एक खेळाडू उडी घेताना सेकंदाला 9 मीटर वेगाने धावतोय. हा सगळा वेग उंचीत बदलला, तर शरीराचा गुरुत्वमध्य सुमारे 4.13 मीटर वर जाईल. उडी घेताना तो आधीच जमिनीपासून मीटरभराहून थोडा उंच असतो. पोल टेकवताना काही ऊर्जा वाया जाते, तर वर जाताना हात, खांदे आणि पोट तिच्यात थोडी भर घालतात. एकूण, हा खेळाडू पाच मीटरच्या आसपास झेपावू शकतो. आता समोरून वारा आला आणि वेग 8.8 वर उतरला, तर कागदावर तरी 18 सेंटिमीटर गेले. तंत्र कितीही घोटलेलं असलं, तरी एवढी तूट भरून काढणं अवघड.

दुसरी गोष्ट पकडीची उंची. पोलचं टोक जमिनीत 20 सेंटिमीटर खोल असलेल्या खाचेत रुततं. म्हणजे वरचा हात पोलवर 4.50 मीटरला असेल, तर पोल उभा झाल्यावर तो जमिनीपासून 4.30 मीटरवर येतो. तिथून शरीर उलटं करून, पोल ढकलून तो आणखी 70 सेंटिमीटर वर गेला, की पाच मीटरचा बार पार. मग पकड आणखी वर का घेऊ नये? कारण पकड जितकी वर, तितका पोल उभा करायला जास्त वेग लागतो. वेग अपुरा पडला, तर पोल सरळ उभा होण्याआधीच थांबतो आणि खेळाडू गादीऐवजी धावपट्टीकडे परत फेकला जातो. या खेळातला हा फार धोक्याचा प्रसंग.

इथे पोलच्या लवचीकपणाचं महत्त्व कळतं. पोल वाकला की खाचेपासून हातापर्यंतचं सरळ अंतर तेवढ्यापुरतं कमी होतं, त्यामुळे तो कमी वेगातही उभा होतो. खाचेत आपटल्याचा धक्काही सौम्य होतो. कॉर्नेलियस वॉर्मरडॅमने 1942 मध्ये बांबूच्या, फारसा न वाकणाऱ्या पोलवर 4.77 मीटर गाठले होते. 1960 नंतर फायबरग्लास आला, खेळाडू पकड वर सरकवू शकले आणि विक्रम भराभर वर गेले.

कडकपणा मोजायची पद्धत सोपी आहे. पोल दोन टेकूंवर आडवा ठेवून मध्यभागी 22.7 किलोचं वजन टांगतात. तो जितके सेंटिमीटर वाकेल, तो त्याचा आकडा. आकडा लहान, तर पोल कडक. मात्र त्याच पोलवर पकड वर सरकवली की तो हाताला मऊ लागतो, खाली घेतली की कडक. म्हणून पकड बदलली की पोलही तपासावा लागतो.

चूक कुठे झाली, हे गादीवरून ओळखता येतं. खेळाडू गादीच्या अगदी पुढच्या काठाशी उतरला, तर पोल त्याच्या वेगाला जड गेला. अशा वेळी पकड थोडी खाली घ्यावी किंवा मऊ पोल घ्यावा. उलट, पोल फार वाकला, उशिरा सरळ झाला आणि खेळाडू अजून वर चढत असतानाच बारला धडकून खोल गादीत गेला, तर पोल मऊ पडला. बारचे खांब नियमानुसार खाचेच्या मागच्या कडेपासून 80 सेंटिमीटरपर्यंत मागे सरकवता येतात, पण एवढ्याने भागत नसेल, तर कडक पोल काढायचा.

आपल्या 9 मीटर वेगाच्या खेळाडूला वाऱ्यात हाच निवाडा करायचा असतो. बार वर गेला म्हणून कडक पोल उचलण्याचा मोह होतो, पण वेग घटलेला असताना तो पोल पुरता वाकणार नाही आणि उभाही होणार नाही. त्याने पकड बोटभर खाली घ्यावी किंवा एक पायरी मऊ पोल निवडावा. त्या उडीत थोडी उंची सोडावी लागेल, पण पोल उभा तरी राहील. कडक पोलची पाळी वेग वाढल्यावरच येते.