घरमालकांना भिंतीतल्या तुटलेल्या केबलबद्दल काय लिहावं?

माझी भाची पुण्यात कोथरूडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते आणि घरूनच नोकरी करते. घरमालक काका-काकू साताऱ्याला असतात. मागच्या महिन्यात तिची आई नांदेडहून आली आणि येताना छोटा लाकडी देव्हारा घेऊन आली. रविवारी सकाळी सुताराला बोलावून हॉलच्या पूर्वेच्या भिंतीवर तो टांगून घेतला. अर्ध्या तासाने भाचीने लॅपटॉप उघडला, तर नेट गेलेलं. राऊटरशेजारच्या पांढऱ्या डब्यावर LOS असं लिहिलेला लाल दिवा लुकलुकत होता.

तिने संध्याकाळी काकांना मेसेज टाकला: ‘काका, नेट बंद पडलंय, भिंतीत काहीतरी प्रॉब्लेम आहे असं वाटतं. प्लीज लवकर बघा ना.’ काकांचं उत्तर आलं: ‘नेटचं कंपनीला सांगा.’ ती नाराज झाली. मला मात्र काकांचं काही चुकलं असं वाटलं नाही. त्या मेसेजमधून साताऱ्यात बसलेल्या माणसाला आपल्या भिंतीत काय झालंय, कशामुळे झालंय आणि आपण नेमकं काय करायचं, यातलं काहीच कळत नव्हतं. मी टेलिफोन खात्यात केबलजोडणीचं काम केलेलं आहे. आधी तांब्याच्या, मग काचेच्या तारा. म्हणून तिला म्हटलं, दुसरा मेसेज पाठवण्याआधी तार कुठे तुटली ते पक्कं करू.

LOS म्हणजे डब्यापर्यंत प्रकाश पोचत नाही. घरोघरी येणाऱ्या फायबर केबलमध्ये वीज नसते, केसाच्या जाडीची काच असते आणि तिच्यातून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश येतो. हा दिवा लाल झाला की दोष तीन ठिकाणी असू शकतो: रस्त्यावरून इमारतीपर्यंतच्या केबलमध्ये, इमारतीतून आपल्या दारापर्यंत, किंवा दारापासून डब्यापर्यंत. शेजाऱ्यांकडे त्याच कंपनीचं नेट चालू असेल तर पहिली शक्यता बहुतेक मोडीत निघते. डब्याच्या मागची छोटी पिवळी किंवा पांढरी वायर मुडपली असेल, तिचं हिरवं टोक नीट बसलं नसेल, तरी हाच दिवा लागतो. तेवढं घरच्या घरी पाहता येतं. त्यापुढे मोजमाप लागतं.

बुधवारी नेटवाल्यांचा मुलगा आला. त्याने दाराबाहेरच्या डब्यात केबलचं टोक सोडवून पॉवर मीटरला लावलं. आकडा आला उणे 19. हा आकडा डीबीएममध्ये असतो, आणि उणे 27 च्या खाली गेला की घरातलं यंत्र सहसा प्रकाश ओळखेनासं होतं. म्हणजे दारापर्यंत सगळं ठीक होतं. मग हॉलमधल्या भिंतीच्या बॉक्सवर तेच मीटर लावलं, तर आकडाच येईना. दोष दार आणि बॉक्स यांच्यामध्ये, भिंतीच्या पोटात होता.

त्यानंतरची दहा मिनिटं मला फार आवडली. त्याच्याकडे पेनासारखा लाल लेसर होता. फायबरमध्ये तो सोडला की काच जिथे तुटलेली असते तिथून लाल उजेड बाहेर सांडतो. भिंतीतली केबल दिसत नाही, त्यामुळे एरवी याचा उपयोग नसतो. पण भाचीने देव्हारा उतरवून ठेवला होता. मुलाने डावा स्क्रू काढला, पक्कडीने गिट्टी उपटली, पडदे ओढले, दिवे घालवले आणि बॉक्सच्या बाजूने लेसर लावला. 6 मिलिमीटरच्या त्या भोकाच्या कडेला कुंकवाच्या टिकलीएवढा लाल ठिपका उजळला. तिरकं उभं राहून, लांबूनच पाहायचं. भोकाला किंवा केबलच्या टोकाला डोळा लावायचा नाही, मग ती लेसर लावलेली असो वा चालू लाइनची. भाचीने मोबाइलवर फोटो काढला. माझ्या मते त्या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा कागद तोच.

भोक तिथेच केबलला का लागलं, याचंही कारण साधं आहे. प्लॅस्टरखालचे पाइप बॉक्सपासून बहुतेक सरळ वर, सरळ खाली किंवा आडवे जातात. देव्हारा नेटच्या बॉक्सच्या बरोबर वर, जमिनीपासून पाच फुटांवर टांगला होता. त्या उभ्या पट्ट्यात ड्रिल मारलं की खाली पाइप असण्याचीच शक्यता जास्त.

आता खर्चाचा प्रश्न. केंद्र सरकारने 2021 मध्ये राज्यांसाठी आदर्श भाडेकरू कायद्याचा नमुना तयार केला. त्याच्या परिशिष्टात घराची आतली-बाहेरची विजेची वायरिंग आणि बांधकामाची दुरुस्ती घरमालकाकडे आहे, मात्र भाडेकरूमुळे झालेलं बांधकामाचं नुकसान त्यातून वगळलं आहे. इंटरनेटच्या तारेचा त्यात उल्लेखच नाही. शिवाय तो नमुना आहे, आणि आपल्याकडे बहुतेक फ्लॅट लीव्ह अँड लायसन्सने दिलेले असतात. तिथे करारात जे लिहिलंय ते आधी पाहायचं. भाचीच्या करारात दोन ओळी होत्या: लेखी परवानगीशिवाय भिंतीत फेरफार करायचा नाही, आणि भाडेकरूकडून झालेलं नुकसान भाडेकरूने भरून द्यायचं. भोक तिने पाडून घेतलं होतं. त्यामुळे खर्च तिचा, यात मला तरी शंका नव्हती. तीच तार सील येऊन, उंदरांनी कुरतडून किंवा मालकांच्या प्लंबरमुळे तुटली असती तर मेसेज वेगळा झाला असता.

मालकांना विचारायचं होतं ते दुरुस्तीच्या पद्धतीबद्दल. लोकांना वाटतं की तुटलेल्या जागी भिंत थोडी फोडायची, दोन टोकं जोडायची आणि प्लॅस्टर करायचं. तांब्याच्या तारेला ते चाललं असतं. काचेची टोकं जोडायला ती सोलून, पुसून, काटकोनात कापून स्प्लायसिंग मशीनमध्ये वितळवावी लागतात. टोकं मशीनपर्यंत पोचायला दोन्ही बाजूंनी दोन-तीन फूट तरी सैल केबल हाताशी हवी. पाइपमध्ये ताणून बसलेल्या केबलला इंचभरही सैलपणा नसतो. आणि झालाच जोड, तरी तो भिंतीत गाडून टाकायचा नसतो, पुढच्या वेळी तिथे कोणी पोचणार नाही. म्हणून तुटलेली लांबी काढून पूर्ण नवी केबल ओढायची, हाच सरळ उपाय. ती पाइपमधून जात नसेल, तर भिंतीवरून पट्टीतून न्यायची.

हे सगळं कळल्यावर भाचीने गुरुवारी सकाळी जो मेसेज पाठवला, तो तिच्या परवानगीने देतो:

‘नमस्कार काका. हॉलच्या पूर्वेच्या भिंतीतली इंटरनेटची केबल तुटली आहे. रविवारी सकाळी मी तिथे देव्हारा टांगायला दोन भोकं पाडून घेतली. त्यातलं डावं भोक केबलच्या पाइपमध्ये गेलं. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, ते राहिलं. माझी चूक झाली.

काल नेटवाल्यांनी तपासलं. दाराबाहेरच्या डब्यापर्यंत लाइन चालू आहे, हॉलच्या बॉक्सवर काही येत नाही. भोकात तुटलेली जागा दिसते. तीन फोटो पाठवतेय: पूर्ण भिंत, टेप लावून मोजलेली भोकाची उंची, आणि भोकातला लाल उजेड. इलेक्ट्रिशियनने बघितलं, विजेच्या तारांना धक्का लागलेला नाही.

जुनी केबल काढून त्याच पाइपमधून नवी ओढायची आहे. भिंत फोडायची नाही. खर्च मी करेन. शनिवारी सकाळी 10 वाजता माणूस येणार आहे, तुमची हरकत नसेल तर शुक्रवार संध्याकाळपर्यंत होकार कळवा. पाइप अडला तर दाराच्या वरून छताच्या कडेने पांढऱ्या पट्टीतून केबल न्यावी लागेल, पण ते करण्याआधी तुम्हाला फोन करेन. पाइप कुठून गेलाय हे तुम्हाला माहीत असेल तर सांगाल का?’

मी त्यात एकच बदल सुचवला होता. तिच्या मसुद्यात ‘भोकं पडली’ असं होतं, ते ‘पाडून घेतली’ करायला लावलं. फोटोत देव्हाऱ्याच्या स्क्रूचं भोक स्पष्ट दिसत असताना ‘पडली’ वाचून कुणीही म्हणालं असतं, ही काहीतरी लपवतेय. मग पुढचा प्रत्येक शब्द संशयाने वाचला गेला असता. उंचीच्या फोटोचा आग्रहही माझाच. उद्या डिपॉझिटच्या वेळी भिंतीवरचा दुसराच डाग आणि हे भोक यांची गल्लत होऊ नये.

काकांनी अर्ध्या तासात फोन केला. खर्चाबद्दल ते काही बोललेच नाहीत. ‘भिंत फोडणार नाही ना?’ एवढं विचारलं. फ्लॅट बांधून होत असताना, प्लॅस्टर व्हायच्या आधी काकूंनी प्रत्येक खोलीचे फोटो काढून ठेवले होते, ते संध्याकाळी आले. पाइप बॉक्सपासून सरळ वर जाऊन, छताखाली एक वळण घेऊन दाराकडे गेलेला त्यात दिसत होता.

शनिवारी मी मुद्दाम गेलो. आधी दोन्ही बाजूंनी जुनी केबल ओढून काढली. खालून चार फूट आली, तिचं टोक चेचलेलं, आतली काच भुग्यासारखी. वरची बाजू दाराकडून निघाली. मग वायर ओढायची स्प्रिंग वरून घातली, ती भोकापाशी अडली. ड्रिलने फाटलेल्या पाइपची कड आत वळली होती. जोर लावला असता तर कड आणखी मुडपली असती. मुलाने स्प्रिंग मागे घेतली आणि खालच्या बॉक्समधून वर घातली. त्या दिशेने ती कडेला चाटून निघून गेली. नवी केबल तिला टेपने बांधली, एकाने वरून ओढली, दुसऱ्याने खालून सोडली. दोन्ही टोकांना कनेक्टर बसवून मोजलं, तर हॉलच्या बॉक्सवर उणे 20 आलं. दारापेक्षा एक आकडा कमी, तेवढी घट जोडांमध्ये जातेच.

भोकं बुजवताना भाचीने पुट्टी भरायला घेतली, तेव्हा तिला थांबवलं. पुट्टी थेट दाबली असती तर ती पाइपमध्ये उतरून केबलभोवती घट्ट झाली असती आणि पुढे कधी केबल बदलायची वेळ आली तर ओढताच आली नसती. आधी भोकाच्या तळाशी चिकटपट्टीची छोटी गुंडाळी बसवली, वरून पुट्टी भरली. काकांना भिंतीचा फोटो आणि मीटरवरचा आकडा पाठवला. देव्हारा आता समोरच्या भिंतीला आहे. ती जागा काकूंच्या फोटोत पाहून, काकांना विचारून ठरवली.