एकही केस न मोजता

2011 च्या जनगणनेच्या वेळी मुंबईत अशी किमान 25 माणसं होती, ज्यांच्या डोक्यावर अगदी सारखेच केस होते. एकही डोकं न तपासता हे छातीठोकपणे सांगता येतं. माणसाच्या डोक्यावर साधारण लाख-दीड लाख केस असतात. आपण सढळ हाताने पाच लाखांची मर्यादा धरू. म्हणजे शून्यापासून पाच लाखांपर्यंत 5,00,001 कप्पे झाले. प्रत्येक कप्प्यात 24 जण कोंबले, तरी जेमतेम 1 कोटी 20 लाख माणसं मावतात. मुंबईची लोकसंख्या 1 कोटी 24 लाखांवर होती. उरलेल्यांपैकी कोणीतरी कुठल्यातरी कप्प्यात पंचविसावा म्हणून शिरणारच.

याला कबुतरखान्याचं तत्त्व म्हणतात. त्याचं श्रेय सहसा जर्मन गणिती डिरिक्ले यांना दिलं जातं. पण हा केसांचा दाखला त्यांच्या दोनशे वर्षं आधी, 1622 साली, ल्यूरेशों या फ्रेंच जेझुइटाने दिला होता.

मोज्यांचं कोडं बहुतेकांना ठाऊक असतं. अंधारात खणात दहा काळे आणि दहा पांढरे मोजे आहेत. तीन काढले की एकाच रंगाचे दोन हाती येणारच. मात्र जोडी काळीच हवी असेल, तर खात्रीसाठी बारा काढावे लागतात, कारण पहिले दहा पांढरेच निघू शकतात.

खरी गंमत येते ती कप्पे आणि माणसं सारखीच असतात तेव्हा. सहा जण जमले, काहींनी एकमेकांशी हस्तांदोलन केलं, काहींनी नाही. तरीही त्यांतल्या कुठल्या ना कुठल्या दोघांनी सारख्याच संख्येच्या लोकांशी हात मिळवलेला असतो. प्रत्येकाचा आकडा 0 ते 5 मधला. म्हणजे कप्पे सहा आणि माणसंही सहा. प्रत्येकाला स्वतंत्र कप्पा मिळेल असं वाटतं, आणि बरेच जण इथेच अडतात.

आता दोन टोकं पाहा. 5 च्या कप्प्यातल्या माणसाने बाकीच्या सगळ्यांशी हात मिळवला. 0 च्या कप्प्यातल्याने कोणाशीच नाही. ही दोन माणसं एकाच खोलीत असूच शकत नाहीत! म्हणजे या दोन कप्प्यांपैकी एक रिकामा राहतो, कप्पे पाचच उरतात आणि सहा जणांतले दोघे एकत्र येतात. ते दोघे कोण, हे मात्र ही सिद्धता सांगत नाही.

हा युक्तिवाद एका अटीवर उभा आहे: अ ने ब शी हात मिळवला, की ब नेही अ शी मिळवलेला असतो. इन्स्टाग्रामवरच्या फॉलोला ही अट लागू नाही. तिथे तिघांपैकी पहिला इतर दोघांना फॉलो करतो, दुसरा फक्त तिसऱ्याला आणि तिसरा कोणालाच नाही. आकडे आले 2, 1 आणि 0. तिन्ही वेगळे.