मर्ज झालं तेव्हा पडद्यावर काय होतं?

गिटहबवर काम करणाऱ्या बहुतेक टीममध्ये मुख्य ब्रँचला कुलूप असतं. कोणीही कोडमधला बदल थेट तिथे टाकू शकत नाही. आधी पुल रिक्वेस्ट उघडायची, मग आपोआप चालणाऱ्या टेस्ट पास व्हायच्या, एका सहकाऱ्याने बदल वाचून अप्रूव्ह करायचा आणि त्यानंतरच तो मुख्य ब्रँचमध्ये मिसळायचा, म्हणजे मर्ज करायचा. मात्र नियम ठरवताना वेगळी सूचना दिली नसेल तर ॲडमिनला या कुलपातून वाट असते. टेस्ट लाल असली किंवा अप्रूव्हल नसलं तरी नियम बाजूला सारून मर्ज करायची सोय त्याला पडद्यावरच दिसते. कमांड लिहिणाऱ्यांसाठी `gh pr merge --admin` आहेच.

ही वाट लागते. रात्री सेवा बंद पडली आणि रिव्ह्यू करणारा झोपलेला असला, तर ग्राहकांना सकाळपर्यंत ताटकळत ठेवण्यात शहाणपण नाही. पण वाट वापरली की नंतर कोणीतरी बसून ती का वापरली हे तपासलं पाहिजे. या तपासणीत सर्वात जास्त चुका एकाच ठिकाणी होतात: तपासणारा आजचा पडदा पाहतो, मर्जच्या क्षणीचा नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, शुक्रवारी रात्री एका कंपनीचं पेमेंट अडकलं. ॲडमिनने स्वतःच दुरुस्ती लिहिली आणि ११:४२ला नियम ओलांडून मर्ज केली. तेव्हा टेस्ट अजून चालूच होती. ती ११:५१ला फेल झाली. सोमवारी सकाळी तीच टेस्ट पुन्हा चालवली, ती पास झाली, आणि सव्वादहाला एका सहकाऱ्याने अप्रूव्हल दिलं. महिन्याभराने कोणी ही पुल रिक्वेस्ट उघडली तर त्याला टेस्ट हिरवी दिसेल आणि अप्रूव्हलही दिसेल. घाईत पाहणारा ‘सर्व ठीक’ असा शेरा मारून पुढे जाईल.

म्हणून सुरुवात ऑर्गनायझेशनच्या ऑडिट लॉगपासून करावी. त्यात हा शोध टाकला की ब्रँचचे नियम ॲडमिनने कधी आणि कुठल्या रेपॉझिटरीत डावलले ते कळतं:

```
action:protected_branch.policy_override
```

लॉगमधून व्यक्ती आणि वेळ मिळते, कारण मिळत नाही. ते शोधायला त्या पुल रिक्वेस्टचा तपशील काढावा लागतो:

```
gh pr view 812 --json mergedAt,mergedBy,author,headRefOid,reviews,statusCheckRollup
```

आता वेळा शेजारी शेजारी मांडायच्या. इथली वेळ यूटीसी असते, म्हणून आपल्या रात्रीचे ११:४२ तिथे `18:12` असे दिसतात. साडेपाच तास मिळवायचे राहिले तर रात्रीची आणीबाणी संध्याकाळची वाटते. अप्रूव्हलची वेळ मर्जनंतरची असेल तर मर्जच्या क्षणी अप्रूव्हल नव्हतंच, मग नंतर ते कितीही मनापासून दिलेलं असो. अप्रूव्हल आधीचं असेल तर ते कुठल्या कमिटवर दिलं तेही पाहायचं. अप्रूव्हल मिळाल्यावर आणखी चार ओळी ढकलल्या असतील, तर त्या ओळी कोणीच वाचलेल्या नसतात. टेस्टच्या बाबतीत जास्त सावध राहावं लागतं, कारण या तपशिलात शेवटचा निकाल येतो. शुक्रवारचं फेल होणं शोधायला त्या टेस्टच्या आधीच्या फेऱ्या उघडाव्या लागतात.

आपल्या उदाहरणात मी दोन वेगळ्या नोंदी करीन. शुक्रवारचा निर्णय योग्य होता: सेवा बंद होती आणि दुरुस्ती छोटी होती. दुसरी नोंद मात्र मला जास्त महत्त्वाची वाटते. त्याच कमिटवर टेस्ट आधी फेल होते आणि नंतर पास होते, म्हणजे तिच्या निकालावर भरवसा ठेवता येत नाही. तिमाहीतले सगळे ओव्हरराइड एकत्र लावले आणि निम्म्या ठिकाणी हीच टेस्ट निघाली, तर ॲडमिनला जाब विचारण्याआधी टेस्ट दुरुस्त करावी. लहरी टेस्टमुळे चांगल्या माणसांनाही नियम ओलांडायची सवय लागते, आणि मग खरोखरची लाल खूणही कोणी मनावर घेत नाही.

या शोधाला न सापडणारा एक प्रकारही आहे. ॲडमिन ब्रँचचा नियमच काढून टाकतो, साधं मर्ज करतो आणि नियम पुन्हा लावतो. मर्जच्या वेळी नियमच नसल्यामुळे ओव्हरराइडची नोंद होत नाही. अशा वेळी `protected_branch.destroy` आणि त्यापाठोपाठ आलेलं `protected_branch.create` शोधायचं, आणि या दोहोंच्या मधल्या वेळेत काय काय मर्ज झालं ते पाहायचं.

हे सगळं वेळेत करावं लागतं. गिटहबचा ऑडिट लॉग अशा घटना १८० दिवस ठेवतो. वर्षातून एकदाच ऑडिट करणाऱ्या कंपनीच्या हातात तोपर्यंत जेमतेम अर्ध्या वर्षाचा पुरावा उरलेला असतो. म्हणून लॉग दर महिन्याला उतरवून बाहेर जपून ठेवावा, आणि प्रत्येक ओव्हरराइडचं कारण ॲडमिनने त्याच आठवड्यात पुल रिक्वेस्टखाली लिहावं, म्हणजे त्या रात्रीचा तपशील त्याच्या लक्षात असतानाच.