कॅमेरे आणि दिवे बाहेरच्या खोलीत, लॅपटॉप आतल्या खोलीत

आजचा विषय घरातल्या वायफायचा आहे. उदाहरण म्हणून आपण आणे पठारावरचं एक घर घेऊ. जुन्नर तालुक्यात बिबट्याचा वावर आहे, म्हणून या घराने गोठ्यावर आणि अंगणात असे दोन वायफाय कॅमेरे लावलेत. ओसरीत मोबाईलवरून चालणारे तीन स्मार्ट दिवे आहेत. त्याच वायफायवर मुलीचा लॅपटॉप, एक प्रिंटर आणि बँकेचे व्यवहार होतात ते दोन फोनही आहेत.

आता यात बिघडतं कुठे? कॅमेरा म्हणजे एक छोटा संगणकच. फरक एवढाच, की फोनला अपडेट येत राहतात आणि स्वस्त कॅमेऱ्याला बहुतेक वेळा येत नाहीत. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या प्रोग्रामने जगभरातले असे कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले. त्यासाठी फार हुशारी लागली नाही. कारखान्यातून येणारी नावं आणि पासवर्ड, साधारण साठ जोड्या, तो एकामागून एक वापरून पाहत होता. असा एखादा कॅमेरा आपल्या घरात असेल, तर त्याला त्याच वायफायवरचा लॅपटॉप आणि प्रिंटर समोरच दिसतो. म्हणून दोघांच्या मध्ये भिंत हवी.

तुमच्या राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असेल तर काम सोपं आहे. ते सुरू करा, गेस्टला घरातलं नेटवर्क दिसू देणारा पर्याय बंद ठेवा आणि कॅमेरे-दिवे त्यावर टाका. पण अनेक घरांत इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरवर ही सोय नसते किंवा कुलूपबंद असते. अशा वेळी आपण कपाटातला जुना राउटर काढतो. आणि खरी गफलत इथेच होते.

बहुतेकांना वाटतं, कॅमेरे नव्याने जोडलेल्या राउटरवर टाकले की ते वेगळे झाले. होतं उलटंच. राउटर हा एकाच बाजूने उघडणाऱ्या दारासारखा असतो. आतल्याला बाहेर जाता येतं, बाहेरच्याला बोलावल्याशिवाय आत येता येत नाही. कॅमेरे आतल्या राउटरवर असले, तर ते बाहेरच्या राउटरवरच्या लॅपटॉपपर्यंत खुशाल पोचतात. म्हणून कॅमेरे, दिवे आणि रेकॉर्डर कंपनीच्या राउटरवर, म्हणजे बाहेरच्या खोलीत ठेवायचे. लॅपटॉप, फोन आणि प्रिंटर जोडलेल्या राउटरवर, म्हणजे आतल्या खोलीत.

आपल्या आणे पठारावरच्या घरात हे असं करू. कंपनीच्या राउटरच्या लॅन पोर्टमधून केबल काढून दुसऱ्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये लावायची. ती चुकून लॅन पोर्टमध्ये गेली, तर भिंत उभीच राहत नाही. मग दोघांचे पत्ते वेगळे करायचे. बाहेरचा `192.168.1.1` असेल, तर आतला `192.168.0.1` ठेवा. आतल्या वायफायला नवं नाव आणि नवा पासवर्ड द्या. जुना पासवर्ड कॅमेऱ्यांना माहीत आहे, हे विसरू नका.

दिवे जोडताना थोडा वेळ फोन बाहेरच्या वायफायवर न्यावा लागतो. बहुतेक दिव्यांना फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय चालतं. काम झालं की फोन परत आत आणायचा आणि बाहेरचं वायफाय फोनच्या यादीतून काढून टाकायचं, नाहीतर तो आपोआप तिकडे जाऊन बसेल. कॅमेरा पाहायला अडचण येत नाही, कारण आतून बाहेर जायला वाट आहे. काही अॅप मात्र जवळचं उपकरण आपोआप शोधतात. हे शोधणं भिंतीपलीकडे चालत नाही. तेव्हा कॅमेऱ्याचा पत्ता हाताने घालावा लागतो.

आता तपासणी. प्रिंटरचा पत्ता `192.168.0.20` आहे असं धरू. आतल्या वायफायवरून फोनच्या ब्राउझरमध्ये तो टाकला की प्रिंटरचं पान उघडेल. मग फोन बाहेरच्या वायफायवर नेऊन तोच पत्ता टाका. पान उघडलं नाही, तर भिंत उभी आहे. उघडलं, किंवा दोन्ही वायफायवर फोनला `192.168.1` नेच सुरू होणारा पत्ता मिळाला, तर केबल चुकीच्या पोर्टमध्ये आहे. कोणी राउटर रीसेट केला, की ही तपासणी पुन्हा करायची.

या भिंतीची मर्यादाही सांगतो. आतल्यांचं इंटरनेट बाहेरच्या खोलीतूनच जातं, त्यामुळे बिघडलेला कॅमेरा मध्ये बसून काही डोकावू शकतो. बँकेचा मजकूर कुलूपबंद जातो म्हणून तो वाचता येत नाही, पण ब्राउझरने प्रमाणपत्राचा इशारा दिला तर पुढे जायचं नाही. आणि कॅमेऱ्याचं स्वतःचं चित्र ही भिंत वाचवत नाही. गोठ्यातलं दृश्य परक्याने पाहू नये, तर कारखान्याचा पासवर्ड बदलावाच लागेल, आणि कॅमेऱ्याचं तोंड घराच्या आत नको.