‘सातारा’ किती तऱ्हांनी वाचता येईल?

वर्गात मागच्या बाकांवर सांकेतिक चिठ्ठ्या फिरतात. त्यांतली एक लिपी बहुतेक शिक्षकांच्या ओळखीची असते : इंग्रजी ‘ए’साठी १, ‘बी’साठी २ आणि असे करत ‘झेड’साठी २६. साताऱ्याचे इंग्रजी स्पेलिंग (एस-ए-टी-ए-आर-ए) या रीतीने लिहिले तर १९, १, २०, १, १८, १ असे आकडे येतात. मध्ये जागा न सोडता लिहिल्यास होते १९१२०११८१. आता चिठ्ठी मिळालेल्याने हे तोडायचे कुठे? सुरुवातीचे १९ म्हणजे ‘एस’, की १ आणि ९ म्हणजे ‘ए’ आणि ‘आय’?

एकूण किती तऱ्हांनी ही ओळ वाचता येते ते मोजू. सगळी वाचने लिहून काढणे हा सरळ मार्ग खरा, पण तो लवकरच दमवतो. नुसते तीस एक ओळीने लिहिले, तरी त्यांची १३,४६,२६९ वाचने होतात.

त्याऐवजी डावीकडून एकेक अंक घेत जाऊ आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारू : इथपर्यंतचा भाग किती तऱ्हांनी वाचता येतो? शेवटचे अक्षर एक तर एका अंकाचे असेल, नाही तर दोन अंकांचे. एका अंकाचे असेल, तर त्याच्या आधीचा भाग एक घर मागे संपतो. दोन अंकांचे असेल, तर दोन घरे मागे. त्या घरांतली उत्तरे आपण आधीच काढून ठेवलेली असतात, म्हणून फक्त बेरीज करायची. अट एवढीच, की सुटा अंक १ ते ९ मधला हवा आणि जोडी १० ते २६ मधली हवी. जी शक्यता अटीत बसत नाही, तिची बेरीज धरायची नाही. सुरुवातीच्या रिकाम्या घरात १ लिहावा. काहीच न वाचण्याची तऱ्हा एकच असते.

पहिल्या १ पाशी उत्तर १. पुढे ९ : सुटा ९ घेतला तर १, १९ ही जोडी घेतली तर १, मिळून २. तिसरा अंक १ : ९१ हे अक्षर नाही, म्हणून २ च राहतात. चौथा अंक २ : सुटा घेतला तर २, बाराची जोडी घेतली तर आणखी २, एकूण ४.

आता शून्य येते, आणि इथे जरा थांबायला हवे. शून्याला स्वतःचे अक्षर नाही. ते मागच्या अंकाला धरूनच उभे राहू शकते, आणि तेही मागे १ किंवा २ असेल तरच. १९१२ ची जी चार वाचने आपण मोजली, त्या चारही वाचनांत २ आधीच वापरून झाला आहे. त्यांतल्या एकालाही शून्य जोडता येत नाही. म्हणून दोन घरे मागे, १९१ पर्यंत जायचे. तिथली दोन वाचने (१-९-१ आणि १९-१) घ्यायची आणि प्रत्येकापुढे २० ठेवायचे. उत्तर चारावरून दोनावर उतरते. ओळ लांबली आणि वाचने कमी झाली, हे विद्यार्थ्यांना प्रथम खटकते. ते जरूर खटकू द्यावे.

शून्यानंतरच्या १ पाशी दुसरा सापळा आहे. ०१ ची किंमत १ आहे आणि १ हा २६ पेक्षा लहान आहे. मग ही जोडी का नको? कारण आपल्या लिपीत ‘ए’ हा १ असा लिहिला जातो, ०१ असा नाही. म्हणून फक्त सुटा १ चालतो आणि उत्तर २ च राहते. पुढच्या १ पाशी २ + २ = ४, आठापाशी ४ + २ = ६, आणि ८१ हे अक्षर नसल्यामुळे शेवटी ६.

अंक : १ ९ १ २ ० १ १ ८ १
वाचने : १ २ २ ४ २ २ ४ ६ ६

मी पहिल्यांदा संगणकासाठी ही रीत लिहिली, तेव्हा जोडी २६ च्या आत आहे एवढेच तपासले होते. १० च्या खालची हद्द विसरलो. त्या चुकीने साताऱ्याची वाचने ६ ऐवजी १४ येतात, आणि १४ या आकड्याकडे नुसते पाहून काही संशय येत नाही. म्हणून पडताळणीला छोट्या ओळी घ्याव्यात. १०१ चे उत्तर १ यायला हवे. चुकीची रीत २ देते. ३० आणि १०० यांचे उत्तर शून्य यायला हवे, कारण तिथे एखाद्या शून्याला आधारच मिळत नाही.

ओळीत सगळे एकच असतील तर कुठलीच शक्यता गळत नाही आणि १, २, ३, ५, ८ अशी मालिका मिळते. लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन मात्रा धरून ठरावीक मात्रांची किती वृत्ते होतात, हे मोजताना हेमचंद्राने बाराव्या शतकात हीच बेरीज सांगितली होती. मराठीच्या शिक्षकांना सोबत घेऊन हा तास घेता येईल.

सहा वाचनांपैकी खरे कोणते, हे मात्र ही रीत सांगत नाही. ते सहाही मुलांकडून लिहून घ्यावेत. गावाचे नाव एकातच सापडेल. चिठ्ठी निःसंदिग्ध हवी असेल, तर प्रत्येक अक्षराला दोन घरे द्यावीत, म्हणजे ‘ए’ला ०१. मग सातारा १९०१२००११८०१ असा लिहिला जातो आणि एकाच तऱ्हेने वाचता येतो.