एका गालावर ट्यूबलाइट, दुसऱ्या गालावर मॉनिटर

आपल्याकडच्या खोल्यांत ट्यूबलाइट बहुतेक वेळा छताच्या मध्यभागी नसते, भिंतीवर असते. बिल्डरने जिथे पॉइंट दिला तिथे ती लागते आणि कामाचं टेबल जिथे जागा उरेल तिथे बसतं. या दोघांची गाठ पडते ती व्हिडिओ कॉलवर. पुण्यात रात्री नऊला अमेरिकेतल्या टीमशी बोलायला बसलेल्या माणसाचा एक गाल चुन्यासारखा पांढरा दिसतो, दुसरा अंधारात असतो आणि हनुवटीखाली काळा डाग पडतो. मग कोणी तरी रिंगलाइट घ्यायचा सल्ला देतं. घ्यायला हरकत नाही, पण त्याआधी समोरच असलेला एक मोठा दिवा वापरून पाहावा. तो म्हणजे मॉनिटर.

मॉनिटर किती प्रकाश देतो, याचा साधा हिशेब मांडता येतो. चोवीस इंची मॉनिटरचा पडदा साधारण ५३ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच असतो. ब्राइटनेस पूर्ण ठेवला तर सामान्य मॉनिटर सुमारे २५० निट्सचा असतो. पडदाभर पांढरं पान उघडून तुम्ही ६० सेंटिमीटरवर बसलात, तर चेहऱ्यावर साधारण ९० लक्स प्रकाश पडतो. वीस वॅटची एलईडी ट्यूब अडीच मीटरवरून थेट समोर असली, तर तिचाही प्रकाश जवळपास तितकाच भरतो. म्हणजे रात्रीच्या खोलीत मॉनिटर ट्यूबलाइटच्या तोडीचा आहे. लॅपटॉपचा चौदा इंची पडदा क्षेत्रफळाने याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच, त्यामुळे त्याच्याकडून तितकी अपेक्षा ठेवू नये.

मग एरवी त्याचा उपयोग का जाणवत नाही? कारण आपण त्याला काम करू देत नाही. रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून ब्राइटनेस निम्म्याच्याही खाली असतो आणि कॉलची खिडकी गडद राखाडी असते. त्यातच डार्क मोड चालू असेल तर ९० लक्सचे जेमतेम दहा-पंधरा उरतात. ट्यूब उजवीकडच्या भिंतीवर असेल, तर उजव्या गालाला तिचे ९० मिळतात आणि डाव्याला भिंतींवरून परतून आलेलं काहीबाही. पाचास एक असा हा फरक कॅमेऱ्याला पेलत नाही. तो उजवा गाल सांभाळायला जातो आणि डावा बुडतो, नाही तर डावा उजळायला जातो आणि उजवा भगभगतो.

आता मॉनिटरला कामाला लावायचं. कॉलपुरता ब्राइटनेस वाढवा आणि कॉलची खिडकी लहान करून बाजूला घ्या. उरलेल्या जागेत कोरं पांढरं पान उघडून ठेवा, नोटपॅड किंवा रिकामं डॉक्युमेंट चालेल. हे पान पडद्याच्या कोणत्या बाजूला ठेवायचं याला महत्त्व आहे. ट्यूब उजवीकडे असेल तर पान डावीकडे हवं, कारण डावा गालच उपाशी आहे. आता डाव्या गालाला मॉनिटरचा प्रकाश मिळतो, उजव्याला ट्यूबचा आणि थोडा मॉनिटरचाही. फरक दुपटीच्या आसपास येतो. तो पूर्ण पुसायच्या मागे लागू नये. दोन्ही गाल तंतोतंत सारखे झाले की चेहरा पासपोर्टच्या फोटोसारखा सपाट दिसतो, थोड्या फरकाने त्याला गोलाई राहते.

तरीही प्रकाश कमी वाटला तर खुर्ची पुढे घ्या. मॉनिटर ६० वरून ४० सेंटिमीटरवर आला की चेहऱ्यावरचा प्रकाश जवळजवळ दुप्पट होतो. मात्र वेबकॅमची भिंग रुंद कोनाची असल्यामुळे इतक्या जवळून नाक मोठं दिसतं. पन्नासच्या आसपास थांबलेलं बरं. लॅपटॉप किंवा मॉनिटर आपोआप ब्राइटनेस बदलत असेल, तर ते कॉलपुरतं बंद करावं. नाही तर समोरच्याने काळ्या स्लाइडवरून पांढऱ्या स्लाइडवर उडी मारली की तुमचा चेहराही तिच्यासोबत उजळत-विझत राहतो.

उजेड जुळला का, हे स्वतःच्या चेहऱ्याकडे बघून नीट कळत नाही. आपण तिथे उजेड पाहतच नाही, केस आणि सुरकुत्या पाहतो. त्याऐवजी एक कोरा ए-फोर कागद उभा मधोमध दुमडा आणि त्याची घडी कॅमेऱ्याकडे करून नाकासमोर धरा. आता कागदाची एक बाजू एका गालाच्या जागी आहे आणि दुसरी दुसऱ्या. कॉलच्या प्रिव्ह्यूमध्ये त्या दोन पांढऱ्या पट्ट्यांकडे पाहा. एक पट्टी दुसरीपेक्षा किती काळी आहे, ते लगेच दिसतं. शिवाय दुसरी एक गोष्ट दिसते, जी चेहऱ्यावर ओळखू येत नाही: एक पट्टी निळसर आहे आणि दुसरी पिवळट.

इथे व्हाइट पॉइंटचा प्रश्न येतो. पडद्यावरचं पांढरं नेमकं कोणत्या छटेचं आहे, ते हा व्हाइट पॉइंट ठरवतो आणि तो केल्विनमध्ये मोजतात. आकडा जितका कमी, तितकं पांढरं पिवळट, आणि जितका जास्त, तितकं निळसर. मॉनिटरसाठी ६५०० केल्विन हे प्रमाण मानलं जातं. आपल्याकडच्या बहुतेक पांढऱ्या ट्यूबच्या खोक्यावर ‘कूल डेलाइट’ लिहिलेलं असतं आणि त्याही ६५०० च्याच असतात. म्हणजे पांढरी ट्यूब आणि नेहमीचा मॉनिटर यांचं मुळात जुळतं. बिघडवतं कोण, तर सूर्यास्तानंतर आपोआप सुरू होणारं Night light किंवा मॅकवरचं Night Shift. ते पडदा नारिंगी करतं आणि रात्री नऊच्या कॉलला डावा गाल झेंडूसारखा दिसू लागतो. कॅमेऱ्याने रंग सावरायचा प्रयत्न केला तरी त्याला चित्रभर एकच दुरुस्ती करता येते. नारिंगी गाल सुधारला की पांढरा गाल निळा पडतो. पांढऱ्या ट्यूबखाली बसणाऱ्याने कॉलपुरतं हे बंद ठेवावं, एवढंच पुरे.

फॉल्स सीलिंगमध्ये पिवळे दिवे लावलेल्या हॉलमध्ये गणित उलटं होतं. ते दिवे २७०० ते ३००० केल्विनचे असतात आणि त्यांच्यासमोर ६५०० चा पडदा निळा वाटतो. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर हा निळा उजेड राखेसारखा दिसतो आणि माणूस आजारी वाटतो. अशा वेळी मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत जाऊन रंगाचं तापमान ‘वॉर्म’ किंवा ५००० करावं. वर तेच Night light थोडंसं, पट्टीच्या पाव भागापर्यंत चढवावं आणि दुमडलेला कागद पुन्हा धरून पाहावा. दोन्ही पट्ट्या एकाच छटेच्या दिसल्या की थांबावं. पार ३००० पर्यंत नेण्यात अर्थ नाही. पडदा पिवळा करणं म्हणजे त्यातला निळा प्रकाश कापणं, आणि कापलेला प्रकाश चेहऱ्यावरूनही जातो. पुढे ओढत राहिलात तर रंग जुळेल, पण उजेड हरवेल. त्यापेक्षा हॉलमधला एखादा पिवळा दिवा मालवणं सोपं पडतं.

दोन मॉनिटर लावणाऱ्यांच्या घरी हीच भानगड दिव्याशिवायही होते. एक नवा आणि दुसरा ऑफिसातून आणलेला जुना, एक ६५०० वर आणि दुसरा ९३०० वर. दोघांचे आकडे आणि ब्राइटनेस आधी एकसारखे करून घ्यावेत.

एवढं करूनही चित्र वाकडंच येत असेल, तर दोष कॅमेऱ्याच्या जागेत असतो. सर्वांत जास्त दिसणारी मांडणी अशी: समोर मोठा मॉनिटर, बाजूला उघडा लॅपटॉप आणि कॉल चालतो लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर. मॉनिटर चेहरा समोरून उजळतो खरा, पण कॅमेरा तो बाजूने पाहतो. त्याच्या वाट्याला येतो कान आणि गालाची अंधारी कड. प्रकाश जिकडून येतो तिकडूनच कॅमेऱ्याने पाहावं, हे साधं तत्त्व. वेगळा वेबकॅम असेल तर तो मोठ्या मॉनिटरच्या वरच्या कडेवर, बरोबर मध्यावर बसवावा. नसेल तर कॉलपुरता लॅपटॉपच समोर घ्यावा आणि मॉनिटर त्याच्या मागे थोडा उंच ठेवून नुसता पांढरा दिवा म्हणून वापरावा.

उंचीचंही तसंच. टेबलावर सपाट ठेवलेला लॅपटॉप चेहऱ्याला खालून उजळतो आणि नाकाची सावली कपाळाकडे चढते. लहानपणी हनुवटीखाली टॉर्च धरून भावंडांना घाबरवायचो, तोच हा परिणाम. शिवाय खालून वर पाहणाऱ्या कॅमेऱ्याच्या चौकटीत छत येतं आणि त्याबरोबर पंख्याशेजारचा दिवाही. स्वयंचलित एक्स्पोजर संपूर्ण चौकटीची सरासरी पाहतं. पेटता दिवा दिसला की ते सगळं चित्र आवळतं आणि चेहरा काळवंडतो. लॅपटॉपखाली पुस्तकं रचून कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आणा, पडदा सरळ उभा करा. दिवा चौकटीबाहेर जाताच चेहरा खुलतो, ब्राइटनेसला हातही न लावता. हनुवटीखालची सावली उरलीच तर टेबलावर, कीबोर्डच्या अलीकडे, पांढरा टॉवेल किंवा कागद पसरावा. वरून येणारा प्रकाश तिथून परततो आणि सावली भरतो.

दिवसा मात्र या साऱ्याला फारसा अर्थ नाही. खिडकीतून येणारा उजेड सहज हजार लक्सच्या घरात जातो आणि त्याच्यापुढे मॉनिटरचे नव्वद म्हणजे काहीच नाहीत. पाठीशी खिडकी असेल तर मॉनिटर कितीही वाढवा, चेहरा सावलीतच राहणार. तिथे टेबल फिरवून खिडकीकडे तोंड करणं किंवा पडदा ओढणं, हेच दोन उपाय.

चष्मेवाल्यांची तक्रार निराळी आहे. मॉनिटर वाढवला की काचांत दोन पांढरे चौकोन उमटतात आणि डोळे दिसेनासे होतात. काच इथे आरशासारखी वागते, म्हणून कोन बदलावा लागतो. चष्म्याच्या काड्या कानांवरून किंचित वर उचलल्या की काचा खाली झुकतात आणि पडद्याचं प्रतिबिंब कॅमेऱ्याऐवजी टेबलाकडे जातं. तेवढ्याने भागलं नाही तर पांढरं पान पडद्याच्या मध्यातून काढून बाजूच्या कडेला सरकवावं, ब्राइटनेस थोडा उतरवावा आणि कमी पडलेला उजेड मॉनिटरमागच्या भिंतीवर टेबललॅम्प वळवून भरून काढावा. पांढऱ्या भिंतीवरून येणारा प्रकाश पसरट असतो, काचांत त्याचा चौकोन उमटत नाही. फक्त त्या लॅम्पमधला बल्बही ट्यूबच्याच छटेचा असायला हवा.